कांदा चाळीतली सड ओळखायचं यंत्र: एजंटने डिस्क्लोजर फॉर्म परत पाठवलाय, वाचून सांगा

निफाडकर

नमस्कार मंडळी. माझं पॅनेल बोर्ड आणि स्टार्टर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे आणि घरची कांद्याची चाळ आहे. मागच्या उन्हाळ्यात चाळीसाठी एक यंत्र केलं. डिसेंबरमध्ये मीच पेटंटसाठी ऑनलाइन प्रोव्हिजनल, म्हणजे कच्चा अर्ज भरला, १६०० रुपये फी. आता बारा महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे यंत्राचं पूर्ण वर्णन द्यायचंय म्हणून एक पेटंट एजंट गाठले. त्यांनी एक इन्व्हेन्शन डिस्क्लोजर फॉर्म दिला. त्यात चार मोठे रकाने आहेत: समस्या काय, सध्या लोक काय करतात, तुमची नवी कल्पना काय, आणि ती चालते कशी. दोन रात्री बसून भरला, तर "यातून क्लेम लिहिता येणार नाही" अशा एका ओळीसह परत. मी लिहिलेलं थोडक्यात असं:

समस्या: भारत हा कृषिप्रधान देश असून कांदा साठवणुकीत शेतकऱ्यांचे फार मोठे नुकसान होते.

सध्याचे उपाय: असे यंत्र बाजारात उपलब्ध नाही.

नवी कल्पना: आधुनिक सेन्सर तंत्रज्ञान वापरून चाळीतील सड लवकर ओळखणारी स्मार्ट प्रणाली.

कसे चालते: चाळीच्या ढिगात १२ ठिकाणी बारीक नळ्या सोडल्या आहेत. सगळ्या एका डब्यात येतात. डब्यात पंप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि एकच गॅस सेन्सर. व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडतात, पंप त्या जागेची हवा ओढतो, सेन्सर वास मोजतो. सड असेल तर मोबाइलवर मेसेज येतो. कॅलिब्रेशनसाठी एक नळी चांगल्या कांद्याच्या डब्यात ठेवली आहे.

यात चुकलं काय? यंत्र तर चालतंय.

सागर_मेक

काही चुकलेलं नाही. हे एजंट लोक फी वाढवायला असं करतात. पेटंट ही कल्पनेची गोष्ट आहे, फॉर्म भरला की झालं. आणि आधीच्या यंत्रापेक्षा ३० टक्के बदल असला की ते कायद्याने नवीन धरतात.

अंजली_पु

सागर, हा ३० टक्क्यांचा नियम मी दहा वर्षं ऐकतेय, कायद्यात तो कुठेच नाही. एका जागचा छोटासा बदलही चालतो, पण तो त्या विषयातल्या माणसाला सहज सुचणारा नसावा. उलट नव्वद टक्के बदलूनही पेटंट मिळत नाही, जर बदललेले सगळे तुकडे ओळखीचेच असतील आणि आपापलं नेहमीचंच काम करत असतील. आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये ते सरळ लिहिलंय.

निफाडकर, पुण्यात मी हेच काम करते, तेव्हा एजंटची बाजू सांगते. क्लेम म्हणजे तुमचा हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य. तुमच्या पहिल्या रकान्यात समस्याच नाही. "फार मोठे नुकसान" ही बातमी झाली. तुम्ही चाळीत उभे आहात, तारीख अमुक, तुमच्या डोळ्यांसमोर काय बिघडतंय आणि ते तुम्हाला का कळत नाहीये, एवढंच लिहा. दुसऱ्या रकान्यातलं "उपलब्ध नाही" हे वाक्य तर पेटंट ऑफिसचा कोणताही परीक्षक दहा मिनिटांत खोडेल.

नंदिनी_सांगली

धागा चांगला आहे. माझ्या सासूबाईंच्या कांदा-लसूण मसाल्याचं पेटंट घ्यायचं डोक्यात आहे. त्यालाही असाच फॉर्म लागतो का? प्रमाण लिहून दिलं तर चोरी होईल ना?

अंजली_पु

नंदिनीताई, नुसतं मसाल्याचं मिश्रण पेटंटमध्ये बसत नाही. तुम्हाला बहुतेक नावाचा ट्रेडमार्क हवाय, तो वेगळा अर्ज आहे आणि त्यात प्रमाण कोणालाच सांगावं लागत नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

बापू_येवला

आमची चाळ २२ वर्षं जुनी आहे. सड कळायला नाक पुरतं. सकाळी चाळीच्या वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. पण खरं सांगतो, नाकाला कळतं तेव्हा आत घमेलंभर गेलेलं असतं. खालच्या कांद्याला पाणी सुटलं की शेजारचे चिघळत जातात. वरून ढीग कोरडा ठणठणीत दिसतो. आणि वासाने कळलं तरी जागा कळत नाही. मग अर्धी चाळ उपसा, मजूर लावा. उपसाउपशीत चांगल्या कांद्याचाही पाला निघतो आणि तोच पुढे खराब होतो.

अंजली_पु

घ्या, बापूंनी पहिला रकाना भरून दिला. यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. सड उशिरा कळते ही एक, आणि कळली तरी जागा कळत नाही ही दुसरी. निफाडकर, तुमचं यंत्र यातली कोणती सोडवतं? दोन्ही असतील तर दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या.

निफाडकर

दोन्ही. माझी चाळ ४० फुटी आहे, दोन्ही बाजूंना ४ फूट रुंद आणि ५ फूट उंच ढीग, साधारण २५ टन. प्रत्येक बाजूला ६ नळ्या, म्हणजे दर पावणेसात फुटांवर एक. मेसेजमध्ये नळीचा नंबर येतो, तेवढाच भाग उपसायचा.

शोध मी घेतला होता हो. पेटंट ऑफिसच्या साइटवर "onion storage sensor" टाकलं. जे निघालं त्यात नळ्यांचं काही नव्हतं.

अंजली_पु

तिथेच लोक फसतात. परीक्षक "कांदा" शोधत नाही, काम काय होतंय ते शोधतो: साठवलेला माल, अनेक ठिकाणांहून हवा ओढणं, एक सेन्सर. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या साइटवर जा, शब्दांच्या जोडीला वर्गीकरणाचा कोड टाका. साठवलेल्या शेतमालासाठी `A01F 25/00`, वायू तपासणीसाठी `G01N 33/00`. कांद्याऐवजी grain, potato, silo असे शब्द घालून बघा. धान्याच्या सायलोत कार्बन डायऑक्साइड मोजून बिघाड ओळखणं बरंच जुनं आहे. ते सापडलं म्हणजे वाईट झालं असं समजू नका, ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं असतं. तुम्ही लपवलंत तरी परीक्षक काढणारच. फरक इतकाच की त्याने काढलं तर उत्तर घाईत द्यावं लागतं.

दोहाकर

मी कतारमध्ये फायर अलार्मची कामं करतो. वाचून हसू आलं, कारण तुमचं यंत्र आम्ही रोज बसवतो! डेटा सेंटर, कोल्ड स्टोरेज, उंच गोदामं, सगळीकडे पाइपांना भोकं पाडून हवा ओढतात आणि एका डब्यात धूर तपासतात. चार पाइप असतील तर झडप फिरवून कुठल्या पाइपातून धूर येतोय तेही सांगणारी यंत्रं आहेत. बरीच वर्षं झाली त्याला. नाउमेद करायचं नाही, पण नळ्या, पंप आणि आळीपाळी हे तिन्ही जुनं आहे.

एक विचारतो. आमच्याकडे सगळ्यात मोठी भानगड म्हणजे पाइप तुंबणं. तुंबला की डब्याला स्वच्छ हवा दिसते, म्हणजे "सगळं ठीक". म्हणून प्रत्येक पाइपाचा प्रवाह मोजावाच लागतो, कमी झाला तरी फॉल्ट, वाढला तरी फॉल्ट. तुमच्याकडे तर कांद्याचा पाला आहे. तुमचं फ्लो सेन्सर कुठे आहे?

निफाडकर

काल रात्री दोहाकरांचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. खरंय, मला वाटत होतं नळ्यांची आयडियाच माझी.

फ्लो सेन्सर नाही लावला, गरजच पडली नाही. नळी तुंबली की मला आकड्यावरून कळतं. सांगतो कसं.

नळी ६ मिमीची न्यूमॅटिकवाली पीयू ट्यूब, आतून ४ मिमी. सगळ्यात लांब नळी १२ मीटर, म्हणजे तिच्या पोटात साधारण १५० मिली हवा. पंप मिनिटाला एक लिटर ओढतो, तेव्हा नऊ सेकंदांत नळी एकदा रिकामी होते. मी तीनदा व्हावी म्हणून ३० सेकंद ओढतो, मग एक मिनिट मोजतो, मग दोन मिनिटं कोळशाच्या फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा सेन्सरवर सोडतो. हे धुणं नाही केलं तर आधीच्या नळीचा वास पुढच्या नळीच्या माथी बसतो, त्यात पहिले पंधरा दिवस गेले माझे. एका नळीला साडेतीन मिनिटं, तेरा नळ्यांची फेरी पाऊण तासात.

तेरावी नळी चांगल्या कांद्याच्या डब्यात. भोकं पाडलेला २० लिटरचा पत्र्याचा डबा, त्यात त्याच ढिगातले हाताने निवडलेले कांदे, मान घट्ट वाळलेली, एकही डाग नसलेला. डबा चाळीतच टांगलेला.

सेन्सरने मोजलेला आकडा मी सरळ वापरत नाही. आधी स्वच्छ हवेपेक्षा तो किती वाढला ते काढतो आणि त्याला डब्यावाल्या नळीच्या वाढीने भागतो. चांगला कांदाही थोडा वास सोडतोच, त्यामुळे ठीक असलेल्या जागेचं उत्तर १ च्या आसपास येतं. सडीचं दीडच्या वर जातं. आणि नळी तुंबली किंवा ढिगातून निसटून बाहेर लोंबायला लागली तर ०.२ किंवा ०.३. कांद्याच्या ढिगात इतकी स्वच्छ हवा असूच शकत नाही, म्हणून कळतं.

दोहाकर

अरे वा. हे आमच्याकडे जमणारच नाही. आमच्या जागेत काही घडत नसेल तर सिग्नल शून्य, म्हणून पाइप जिवंत आहे का हे वेगळं मोजावं लागतं. तुमच्याकडे निरोगी मालच सतत बोलतोय.

अंजली_पु

निफाडकर, तुम्ही फॉर्ममध्ये शेवटच्या ओळीत "कॅलिब्रेशनसाठी एक नळी" एवढंच लिहिलंत आणि सगळा भर नळ्या-पंपावर दिलात. उलटं करा. नळ्या आणि पंप दुसऱ्या रकान्यात जातात, दोहाकरांच्या फायर अलार्मच्या शेजारी. तिसऱ्या रकान्यात जातो डबा: त्याच मालाचा निवडलेला निरोगी नमुना, त्याच हवेत ठेवलेला, त्याच सेन्सरवर मोजलेला, आणि बाकी सगळ्या जागा त्याच्या प्रमाणात.

पण डबा नसता तर काय बिघडलं असतं, ते आकड्यांत हवं. "अचूकता वाढते" असं लिहू नका.

आणि एक गंभीर गोष्ट. तुंबलेली नळी आकड्यावरून ओळखायचं हे प्रोव्हिजनलमध्ये होतं का? नसेल तर आत्ता तुम्ही ते साऱ्या जगासमोर लिहून टाकलंत.

सागर_मेक

त्यात काय एवढं? स्वतःच उघड केलं तर एक वर्षाची सूट असते. मी वाचलंय.

अंजली_पु

ते अमेरिकेचं वाचलंत. तिथे संशोधकाने स्वतः उघड केल्यावर वर्षभरात अर्ज करता येतो. आपल्याकडे तशी सरसकट सूट नाही. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना बारा महिने मिळतात. यूट्यूबचा व्हिडिओ आणि असला धागा त्यात येत नाही.

निफाडकर

प्रोव्हिजनल उघडून बघितलं. त्यात एवढंच आहे: "एक नळी निवडलेल्या चांगल्या कांद्याच्या डब्यात ठेवून इतर नळ्यांच्या आकड्यांची तिच्याशी तुलना केली जाते." तुंबण्याचं काही नाही. यंत्राचा एक व्हिडिओ मीही टाकलाय, पण तो जानेवारीत, अर्जानंतर, आणि त्यात नुसता यंत्राचा डबा आणि दिवे दिसतात.

वरचा प्रतिसाद उडवायला सांगू का अॅडमिनला?

अंजली_पु

ती एक ओळ होती म्हणून वाचलात. तुलनेच्या क्लेमला डिसेंबरची तारीख मागता येईल, कारण त्याचा आधार त्या कागदात आहे. तुंबण्याच्या भागाला कम्प्लीट भराल ती तारीख मिळेल, आणि तोवर हा धागा छापून आलेला असेल. प्रतिसाद उडवून उपयोग नाही, एकदा लोकांना दिसला तो दिसला. एजंटना लिंक पाठवा आणि जसं घडलं तसं सांगा. कमी आकडा म्हणजे नळीत बिघाड हे तुलनेतूनच निघतं असा युक्तिवाद ते कदाचित करतील. मला तो थोडा ओढूनताणून वाटतो, पण तो निर्णय त्यांचा. वर्णनात मात्र हा भाग जरूर घाला, यंत्राचं काम समजायला लागतो.

आता आकडे द्या.

निफाडकर

मागच्या वर्षीच्या वहीतले आहेत. नळी ९, चाळीच्या पश्चिम बाजूची, खालून दीड फुटावर.

पाऊस नव्हता त्या आठवड्यात: डबा २००, बाकीच्या नळ्या १९० ते २१५, नळी ९ ला २९०. प्रमाण १.४५. मी तेव्हा दुर्लक्ष केलं, कारण हद्द दीडची ठेवली होती.

पाच दिवसांनी झड लागली. डबा ३१०, बाकीच्या २९५ ते ३३०, नळी ९ ला ५२०. प्रमाण १.६८. मेसेज आला, उपसलं, दीड घमेलं गेलेलं निघालं. आजूबाजूचे ओले होते पण वाचले.

आता डबा नाही असं धरा. हद्द २८० ठेवली असती तर कोरड्या आठवड्यातच नळी ९ सापडली असती, पण झडीत बाराच्या बारा नळ्या बोंबलल्या असत्या. ४०० ठेवली असती तर खोटी बोंब नाही, पण पाच दिवस उशीर. दमट हवेत या सेन्सरचा आकडा चढतोच, त्यामुळे वर्षभर चालेल असा एक आकडा मला सापडला नाही. डबा आणि ढीग एकाच हवेत असल्यामुळे चढउतार दोघांचा बरोबर होतो.

अंजली_पु

हाच परिच्छेद चौथ्या रकान्यात जसाच्या तसा टाका, आकड्यांसकट. दुर्लक्ष केलं तेही लिहा. १.४५ ला काहीतरी होतं हे दिसतंय, म्हणजे "१.५" हा आकडा क्लेममध्ये अडकवू नका, नाहीतर शेजारी १.४ ठेवून तेच यंत्र विकेल.

शिवाय "कांदा साठवण्याची पद्धत" असा क्लेम मागू नका. शेतीची पद्धत कलम ३ मध्ये वगळलेली आहे, साठवण त्यात येते का यावर वाद घालत बसावं लागेल. नुसती भागाकाराची रीतही नको, ती अल्गोरिदम म्हणून अडते. डबा, नळ्या, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि हे प्रमाण काढून इशारा देणारा कंट्रोलर, असं यंत्र म्हणून लिहायला सांगा.

बापू_येवला

मला पेटंटातलं कळत नाही, पण एक शंका. साक्षीदारच फितूर झाला तर? म्हणजे डब्यातलाच कांदा सडला तर? निवडून घेतला तरी ऑगस्टपर्यंत एखादा आतून काजळी धरतोच.

निफाडकर

बापू, एकदा झालंय. तेव्हा समजलंच नाही, सगळं शांत होतं म्हणून मी खूश. डबा उघडला तर दोन कांदे गेलेले.

बापू_येवला

मग सोपं आहे की. एक नळी तुंबली तर एकटी पडेल. डबा सडला तर बाराही नळ्या एकदम खाली जातील. बाराही नळ्या एका रात्रीत तुंबत नाहीत. सगळ्या एकदम पडल्या की डबा बघायचा.

निफाडकर

😳 वही काढून बघितली. त्या तीन दिवसांत बाराही नळ्या ०.६ ते ०.७ वर होत्या. समोर होतं आणि दिसलं नाही. बापू, हे मी फॉर्ममध्ये घालू? तुमचं नाव टाकायचं का?

सागर_मेक

सुचवणाऱ्याचं नाव कशाला टाकायचं, पैसे तुम्ही घातलेत.

अंजली_पु

पैशांचा आणि नावाचा संबंध नाही. पैसे घालणारा अर्जदार असू शकतो. संशोधक म्हणून नाव त्याचं, ज्याला क्लेममधला उपाय सुचला. नुसती शंका काढून बापू थांबले असते तर ते संशोधक नव्हते, पण पुढचा उपायही त्यांनीच सांगितला. तो क्लेममध्ये गेला तर बापूंचं नाव फॉर्म १ मध्ये, म्हणजे पेटंटच्या अर्जात जायला हवं असं माझं मत. दुसरीकडे हाही उपाय इथे उघड झालाय, त्यामुळे तो स्वतंत्र क्लेम म्हणून टिकणं कठीणच. वर्णनात घाला, आणि कोणी सुचवलं ते एजंटना सांगा. फॉर्ममध्ये "कोणाचा काय हातभार" असा रकाना असतोच. व्हॉल्व्हचं वायरिंग कोणी पोराने केलं असेल तर तेही लिहा, तो सांगेल ते वायरिंग करत होता की त्यालाही काही सुचलं होतं हे एजंट ठरवतील.

बापू_येवला

माझं नाव राहू द्या. मला वेगळंच विचारायचंय. माझ्याकडे एका चाळीत एन-२-४-१ आहे आणि दुसरीकडे गावठी बियाण्याचा. एकाच जातीच्या डब्यावर दोन्ही चाळी चालतील का?

निफाडकर

केलेलं नाही. मी कायम त्याच ढिगातले कांदे घेतले.

अंजली_पु

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. क्लेममध्ये "त्याच ढिगातला नमुना" लिहिलंत तर ज्याने बाजारातून चांगले कांदे आणून डब्यात भरले तो सुटला. "कोणताही निरोगी कांदा" लिहिलंत आणि परीक्षकाने विचारलं की हे चालतं कशावरून, तर तुमच्याकडे उत्तर नाही. डिसेंबरपर्यंत वेळ आहे. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, तेव्हा ऑक्टोबरच्या आत आकडे हातात हवेत. चाळ फोडायच्या आधी.

निफाडकर

माझ्या यंत्राच्या डब्यात चौदावा व्हॉल्व्ह बसवायला जागा आहे. बापू, पाचेक किलो गावठी निवडून ठेवाल का? रविवारी येवल्याला येतो. त्या कांद्यांचा दुसरा डबा माझ्याच चाळीत टांगतो, दोन्ही डब्यांचे आकडे रोज शेजारीशेजारी लिहितो.

पहिला रकाना पुन्हा लिहिलाय, बघा:

"४० फुटी चाळीत ढिगाच्या आत सुरू झालेली सड बाहेर वास येईपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावरही तिची जागा कळत नाही, त्यामुळे निरोगी कांदाही उपसावा लागतो. वायू सेन्सरवर एकच ठरावीक हद्द ठेवली तर पावसाळी दमट हवेत सर्व ठिकाणी खोटा इशारा येतो, आणि हद्द वाढवली तर खरी सड उशिरा कळते."

अंजली_पु

चालेल. "४० फुटी" काढा.

बापू_येवला

रविवारी दहाच्या आत या, नंतर मला लग्नाला जायचंय. आणि येताना त्या पंपाचा नंबर घेऊन या, केवढ्याला पडतो तेही सांगा.